इंटर्नशिपचे प्रमाणपत्र नव्याने लिहून घेताना

मंडळाच्या अनेक सभासदांची मुले-मुली कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षानंतर उन्हाळ्यात कुठल्या तरी कारखान्याच्या किंवा सीएच्या ऑफिसात इंटर्नशिप करतात. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मागितले की आपल्याकडे बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : "तुम्हीच लिहून आणा, मी सही करून देतो." शेठ मनाने चांगला असतो, त्याला वेळ नसतो. मुलगा किंवा मुलगी घरी येऊन इंटरनेटवरचा एखादा नमुना उचलते, त्यात नाव घालते, दोन-तीन मोठे शब्द वाढवते आणि सही घेऊन येते. कागद फाइलमध्ये जातो आणि वर्षभर त्याच्याकडे कोणी पाहत नाही. नोकरी लागते, कंपनीची पडताळणी सुरू होते, आणि मग तो कागद एखादा अनोळखी माणूस पहिल्यांदा नीट वाचतो.

आम्ही बँकेत असताना कर्जाच्या अर्जासोबत येणारे पगाराचे दाखले आणि अनुभवाची पत्रे वर्षानुवर्षे वाचली. खोटे पत्र क्वचितच दिसे. सैल लिहिलेली पत्रे मात्र रोज येत, आणि सैल पत्र वाचणाऱ्याला खोट्यासारखेच वाटते, कारण दोघांतला फरक कळायला त्याच्याकडे दुसरे साधन नसते. म्हणून असे सैल प्रमाणपत्र दुरुस्त कसे करून घ्यायचे, हे येथे एका खऱ्या कागदाच्या आधाराने सांगत आहोत. मुलीचे आणि कारखान्याचे नाव दिलेले नाही. प्रमाणपत्र मूळ इंग्रजीत होते, येथे त्याचा आशय मराठीत दिला आहे.

ही मुलगी बीकॉमच्या दुसऱ्या वर्षानंतर, म्हणजे २०२४ च्या उन्हाळ्यात, मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागात जात होती. पुढच्या वर्षी तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. नेमणुकीपूर्वी कंपनीने तिचे सर्व कागद एका पडताळणी संस्थेकडे पाठवले. संस्थेतून कारखान्यात फोन गेला. तो अकाउंटंटकाकांनी उचलला आणि सरळपणे उत्तर दिले, "हो, आमच्याकडे शिकायला येत होती, दीड-पावणेदोन महिने." प्रमाणपत्रात मात्र "अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह" आणि "दोन महिने" असे होते. संस्थेने अहवालात तफावत लिहिली आणि कंपनीने पाच दिवसांत खुलासा मागितला. कागद घेऊन मुलीचे वडील आमच्याकडे आले.

त्या प्रमाणपत्राचा आशय असा होता :

"ज्यांच्याशी संबंध येईल त्यांच्यासाठी. प्रमाणित करण्यात येते की कुमारी अमुकबेन यांनी आमच्या कंपनीत मे २०२४ ते जून २०२४ असे दोन महिने अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह म्हणून यशस्वीरीत्या काम केले. त्यांनी जीएसटी, टीडीएस आणि बँकिंगची सर्व कामे सांभाळली. त्या अत्यंत मेहनती, प्रामाणिक व तडफदार असून त्यांची वर्तणूक उत्कृष्ट होती. त्यांच्या उज्ज्वल भविष्यासाठी आमच्या शुभेच्छा." खाली तारीख २५ जून २०२४, एक वळणदार सही आणि गोल शिक्का. सही कोणाची हे कुठेच नाही.

त्यात फसवणूक करायचा कोणाचाच विचार नव्हता. तरीही तपासणाऱ्याला अडखळायला लावील असे या सहा-सात ओळींत बरेच काही आहे. एकेक पाहू.

कालावधी

सुरुवात तारखांपासून करावी, कारण तारीख ही एकच गोष्ट अशी आहे की जी मतावर अवलंबून नाही. "मे ते जून, दोन महिने" याचे किमान तीन अर्थ होतात. १ मे ते ३० जून असे ६१ दिवस, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत एक महिना, किंवा त्यामधले काहीही. मुलीला विचारले तेव्हा तिला पहिला दिवस चांगला आठवत होता, कारण ती सोमवारी गेली आणि दुसऱ्याच दिवशी, ७ मे रोजी, गुजरातेत लोकसभेचे मतदान असल्याने कारखाना बंद होता. म्हणजे सुरुवात ६ मे. शेवटचा दिवस शुक्रवार, २८ जून. दोन्ही दिवस धरले तर ५४ दिवस भरतात, आठ आठवड्यांना दोन दिवस कमी. "दोन महिने" म्हणण्यासारखे ते नाही.

पण ५४ ही कॅलेंडरची संख्या आहे. रविवारी सुट्टी. सोमवार ते शनिवार मोजले तर ४७ दिवस होतात. त्यातून मतदानाचा एक दिवस आणि १७ जूनची बकरी ईद वजा केली की कारखाना चालू असलेले ४५ दिवस उरतात. मुलीने घरातल्या लग्नासाठी चार दिवस रजा घेतली होती, म्हणून प्रत्यक्ष हजेरी ४१ दिवसांची. वेळ साडेदहा ते पाच, मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे रोजचे सहा तास. एकूण २४६ तास.

हा हिशोब एवढ्या खोलात करण्याचे कारण असे की वेगवेगळे वाचणारे वेगवेगळी संख्या पाहतात. नोकरी देणारी कंपनी सुरुवातीची आणि शेवटची तारीख पाहते. कॉलेज श्रेयांकासाठी तास पाहते. प्रमाणपत्रात दोन्ही दिलेले असले आणि एकमेकांशी जुळत असले की दोघांचेही समाधान होते. "दोन महिने" हा शब्द पूर्णपणे काढून टाकावा. दोन तारखा दिल्यावर महिने मोजून सांगायची गरज उरत नाही, आणि मोजून सांगितले की चुकण्याची शक्यता तेवढी वाढते.

हे आकडे कशावरून, असे विचारले तर दाखवायला काही हवे. इंटर्नचे नाव हजेरीपटात बहुधा नसते, कारण ती कामगार नाही. आमच्या मुलीच्या बाबतीत दोन गोष्टी सापडल्या. वॉचमनच्या वहीत आत-बाहेरच्या नोंदी होत्या, आणि कॉलेजला द्यायची रोजची डायरी तिने लिहिली होती व त्यावर अकाउंटंटकाकांच्या आठवड्याच्या आठवड्याला सह्या होत्या. डायरीतले ४१ दिवस आणि वॉचमनच्या वहीतले दिवस जुळले. शिवाय दरमहा ४,००० रुपयांच्या दोन रकमा तिच्या बचत खात्यात कारखान्याच्या खात्यातून जमा झालेल्या होत्या. नवे पत्र लिहिण्यापूर्वी असे काही ना काही हातात घ्यावे. स्मरणावर तारखा लिहू नयेत. ज्यांची इंटर्नशिप अजून चालू आहे त्यांनी डायरीवरची सही महिनाअखेरीवर ढकलू नये, एवढेच आत्ता सांगतो.

आता २५ जून ही तारीख. काम २८ जूनला संपले आणि "काम केले" असे भूतकाळात सांगणारे पत्र २५ जूनचे. शेठ दोन-तीन दिवस बाहेरगावी जाणार होते म्हणून सही आधी घेतली, असे मुलीने सांगितले, आणि ते खरेच असणार. पण वाचणाऱ्याला शेठचा प्रवास माहीत नसतो. काम संपण्यापूर्वीची तारीख असलेले पूर्णत्वाचे प्रमाणपत्र आम्ही बँकेत असतो तर बाजूला काढून ठेवले असते. पत्राची तारीख शेवटच्या दिवसाची किंवा त्यानंतरचीच असावी.

हुद्दा

"अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह" हा शब्द मुलीने नमुन्यातून उचलला. तिला वाटले, इंटर्न म्हणण्यापेक्षा बरे दिसेल. प्रत्यक्षात याच शब्दाने सर्वात जास्त नुकसान केले. एक्झिक्युटिव्ह म्हणजे कर्मचारी. कर्मचारी म्हटले की तपासणारा नेमणूकपत्र, पगाराची स्लिप आणि भविष्यनिर्वाह निधीची नोंद शोधतो. इंटर्नकडे यातले काहीच नसते आणि असायचे कारणही नसते. म्हणजे एका शब्दामुळे, ज्या गोष्टी असण्याची अपेक्षाच नव्हती, त्या "सापडल्या नाहीत" अशी नोंद होते.

म्हणून हुद्दा जो होता तोच लिहावा : "इंटर्न, अकाउंट्स विभाग". ती कोणाच्या हाताखाली होती हेही लिहावे, नाव नको असेल तर पद तरी. "वरिष्ठ अकाउंटंट यांच्या देखरेखीखाली" एवढ्याने पुरते. रक्कम मिळाली असेल तर तिला पगार म्हणू नये, विद्यावेतन म्हणावे. मिळाली नसेल तर तसे लिहायची गरज नाही, पण विचारले तर तेच सांगावे.

आपल्याकडे आणखी दोन शब्द सैलपणे वापरले जातात. एक "अप्रेंटिस". १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार होऊन त्याची नोंदणी झालेली असते, तोच अप्रेंटिस. तसा करार नसेल तर हा शब्द वापरू नये. दुसरा "आर्टिकल". सीएच्या ऑफिसात दोन महिने बसलेल्या मुलाला घरातले सगळे "आर्टिकलशिप करतोय" म्हणतात. आर्टिकलशिप सीएच्या संस्थेकडे नोंदवलेली असते आणि ती काही वर्षांची असते. उन्हाळ्याची इंटर्नशिप म्हणजे ती नव्हे.

कामे

"जीएसटी, टीडीएस आणि बँकिंगची सर्व कामे सांभाळली." हे वाक्य वाचून आम्हाला थोडे हसू आले, कारण विसाव्या वर्षी ४१ दिवसांत ही सर्व कामे सांभाळणारा माणूस आम्ही पाहिलेला नाही. मुलीला समोर बसवून विचारले, "बाळा, तू रोज सकाळी जाऊन नेमके काय करत होतीस?" ती अर्धा तास बोलली, आणि तिने जे सांगितले ते या वाक्यापेक्षा कितीतरी चांगले होते.

ती खरेदीची बिले टॅलीत भरत होती. अकाउंटंटकाका संध्याकाळी ती तपासत. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर जीएसटीआर-२बी हे विवरण तयार होते. पुरवठादारांनी आपापल्या विवरणांत दाखवलेली बिले त्यात एकत्र दिसतात, आणि त्यावरून खरेदीवर भरलेल्या कराची वजावट किती मिळेल ते कळते. ती तिथे असताना १४ मेला एप्रिलचे आणि १४ जूनला मेचे विवरण आले. दोन्ही वेळा कारखान्याच्या खरेदीवहीतली बिले तिने या विवरणाशी एक्सेलमध्ये ताडून पाहिली आणि न जुळणाऱ्या बिलांची यादी करून काकांना दिली. काही पुरवठादारांनी बिल दाखवलेलेच नव्हते, काहींचा बिल क्रमांक एका आकड्याने चुकला होता. पुरवठादारांना फोन मात्र काकांनी केले.

बँकेच्या बाबतीत तिने एका चालू खात्याचे एप्रिल आणि मेचे जुळवणीपत्रक तयार केले, म्हणजे बँकेचा उतारा आणि टॅलीतली बँकवही यांतला फरक कशाने पडला हे मांडले. चेक दिलेले पण वटलेले नाहीत, बँकेने शुल्क कापलेले पण आपल्या वहीत नाही, असे. हेही काकांनी तपासले. टीडीएसचे तिने स्वतः काहीच केले नाही. जानेवारी ते मार्चच्या तिमाहीचे विवरण भरायची मुदत ३१ मे असते, त्या आठवड्यात काका ते भरत असताना ती शेजारी बसून पाहत होती.

येथे तीन प्रकारची कामे दिसतात. जे तिने स्वतः केले आणि दुसऱ्याने तपासले. ज्यात तिने मदत केली. आणि जे तिने नुसते पाहिले. प्रमाणपत्रात या तिघांना वेगवेगळी क्रियापदे द्यावीत : "नोंदी केल्या", "तयार केले", "यादी करून दिली" हे पहिल्यासाठी, "मदत केली" हे दुसऱ्यासाठी, "कामाची पद्धत समजून घेतली" हे तिसऱ्यासाठी. "सांभाळली", "हाताळली", "जबाबदारी पार पाडली" ही क्रियापदे टाळावीत. ती या तिन्ही प्रकारांवर पांघरूण घालतात. मुलाखतीत कोणी "टीडीएस सांभाळलात ना, मग कुठला फॉर्म भरलात?" असे विचारले तर त्या पांघरुणाखाली काय होते ते लगेच उघडे पडते. उलट "टीडीएस विवरणाची पद्धत समजून घेतली" असे लिहिले असेल तर प्रश्नही तेवढाच येतो आणि उत्तरही देता येते.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. ते म्हणाले, "साहेब, असं लिहिलं तर काम कमी वाटेल ना?" आम्ही त्यांना दोन्ही वाक्ये वाचून दाखवली आणि विचारले, समजा तुम्हीच माणूस घेताय, तर यातल्या कुठल्या मुलीला काय येते हे तुम्हाला कळते? पहिल्या वाक्यावरून काहीच कळत नव्हते. दुसऱ्यावरून हे कळत होते की या मुलीला खरेदीवही आणि २बी ताडता येते, आणि लहान कारखान्याला नेमके तेच माणूस हवे असते.

किती बिले भरली याचा आकडा द्यावा का? टॅलीत तिचे वेगळे लॉगिन असते तर यादी काढून आकडा देता आला असता. इथे सगळे एकाच लॉगिनवर काम करत होते, त्यामुळे आकडा दिला नाही. पुरवठादारांची नावे, खाते क्रमांक, उलाढाल यातले काहीही अशा पत्रात घालू नये. ते कारखान्याचे आहे, मुलीचे नाही.

वर्तणूक

विशेषणे जितकी जास्त तितके पत्राचे वजन कमी, असा आमचा अनुभव आहे. "अत्यंत मेहनती, प्रामाणिक व तडफदार" हे शब्द प्रत्येक नमुन्यात असतात, म्हणून ते या मुलीबद्दल काहीच सांगत नाहीत. पण वर्तणुकीची ओळ पूर्ण गाळणेही बरे नाही. बाकी सगळे नेमके असताना वर्तणुकीबद्दल मौन असले की वाचणारा त्या मौनातून अर्थ काढतो.

मग काय लिहावे? जे कोणी पाहिले आहे ते. ती वेळेवर येत होती का, रजा घेतली ती आधी सांगून घेतली का, दिलेले काम पूर्ण करून परत दिले का, कारखान्याची माहिती बाहेर गेली नाही ना, तिच्याविरुद्ध काही तक्रार आली का. अकाउंटंटकाकांना आम्ही फोनवर हेच विचारले. ते म्हणाले, पहिल्या आठवड्यात दोनदा उशीर झाला होता, बसचा प्रश्न होता, नंतर कधी नाही. म्हणून "नेहमी वेळेवर" असे आम्ही लिहिले नाही. "उपस्थिती नियमित होती" असे लिहिले. चार दिवसांची रजा तिने आधी लिहून मागितली होती, ते लिहिले. शेवटच्या दिवशी तिने अर्धवट राहिलेल्या जुळवणीची एक टिपणवही करून दिली होती आणि ती काकांनी अजून ठेवली आहे, तेही लिहिले. आमच्या मते सगळ्या पत्रात तिच्या स्वभावाबद्दल सर्वात जास्त त्या एका ओळीतून कळते.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. इंटर्नशिपचे पत्र म्हणजे चारित्र्याचा दाखला नव्हे. शेठने मुलीला ४१ दिवस, तेही ऑफिसात, पाहिले. म्हणून "आमच्याकडे असताना" हे शब्द वर्तणुकीच्या वाक्याच्या सुरुवातीला असावेत. त्याबाहेरचे तो सांगू शकत नाही आणि सांगायला गेला तर बाकीच्या ओळींवरचा विश्वासही कमी होतो. शुभेच्छा द्यायच्या असतील तर एका साध्या वाक्यात द्याव्यात. आमच्या मसुद्यात त्या नाहीत, शेठनी नंतर स्वतः घातल्या आणि आम्ही त्या राहू दिल्या.

नाव, सही आणि जावक क्रमांक

गुजरातेत राहणाऱ्या आपल्या लोकांना नावाचा एक खास प्रश्न आहे. इथल्या ऑफिसात मुलीच्या नावाला आदराने "बेन" आणि मुलाच्या नावाला "भाई" किंवा "कुमार" जोडतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे, मग वडिलांचे नाव. आधारवर कधी क्रम उलटा. आणि आपली क्ष, ज्ञ, ळ असलेली आडनावे इंग्रजीत दोन-तीन प्रकारे लिहिली जातात. संगणकावर जुळवणी करणाऱ्याला ही तीन वेगळी माणसे वाटतात. शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर जे नाव ज्या स्पेलिंगने आहे तेच प्रमाणपत्रात घ्यावे, "बेन" न जोडता, आणि सोबत कॉलेजचे नाव व वर्ग लिहावा.

सहीखाली सही करणाऱ्याचे पूर्ण नाव, पद आणि फोन असावा. शक्यतो असा फोन, जो उचलणाऱ्याला मुलगी माहीत आहे. लेटरहेडवर पत्ता आणि जीएसटी क्रमांक छापलेला असला की कारखाना खरोखर आहे हे कोणालाही पोर्टलवर पाहता येते. शिक्का सहीवर दाबून मारू नये. दोन्ही वाचता येत नाहीत.

जावक क्रमांक बहुतेक लहान ऑफिसांत विसरला जातो. पत्रावर क्रमांक, त्याच क्रमांकाची जावक वहीत नोंद आणि पत्राची एक प्रत ऑफिसच्या फाइलमध्ये, एवढे असले की दोन वर्षांनी अकाउंटंट बदलला तरी नवा माणूस फाइल उघडून उत्तर देऊ शकतो. आमच्या मुलीच्या बाबतीत पहिल्या पत्राची प्रत कारखान्यात नव्हतीच. काकांनी फोनवर आठवणीवरून उत्तर दिले ते त्यामुळेच. प्रत समोर असती तर निदान त्यांना त्यातला चुकीचा हुद्दा तेव्हाच दिसला असता.

दुरुस्ती कशी मागावी

जुन्या प्रमाणपत्रावर स्वतः काहीही बदलू नये. खाडाखोड नाही, स्कॅन करून संगणकावर तारीख बदलणे नाही, रिकाम्या जागेत ओळ घालणे नाही. मजकूर तुम्ही लिहून दिला असला तरी सही झाल्यावर ते विधान सही करणाऱ्याचे होते. त्यात परस्पर बदल केला, तो खरा असला तरी, तो बनावट दस्तऐवज ठरू शकतो.

योग्य मार्ग नव्या पत्राचा आहे, आणि त्यावर नव्या पत्राचीच तारीख हवी. वडिलांनी सुचवले की शेठ ओळखीचे आहेत, २८ जून २०२४ चीच तारीख टाकून देतील. ते आम्ही होऊ दिले नाही. पडताळणी संस्थेकडे जुन्या पत्राची प्रत आधीच होती. जुन्याच काळातल्या तारखेचे दुसरे, वेगळे पत्र पुढे आले असते तर साध्या तफावतीचे रूपांतर संशयात झाले असते. नवे पत्र १४ जुलै २०२५ या तारखेचे झाले आणि त्यात स्पष्ट लिहिले की आधीच्या पत्राऐवजी हे दिले आहे.

मुलीने शेठना एक छोटा अर्ज लिहिला. त्यात तक्रारीचा सूर नव्हता : पडताळणीत हुद्दा आणि कालावधी याबाबत फरक आढळला आहे, डायरीची आणि बँकेच्या उताऱ्याची प्रत जोडली आहे, कृपया नोंदींप्रमाणे दुरुस्त पत्र द्यावे, मसुदा सोबत आहे, त्यात काही बरोबर नसेल तर बदलावे. शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम घालायला लावले. शेठने वाचून सही केली, हे नुसते आणून ठेवलेल्या कागदावर सही करण्यापेक्षा वेगळे आहे, आणि फोन आला की तो फरक ऐकू येतो. शेठनी खरोखरच एक बदल केला. आम्ही "कारखान्याचे चालू खाते" लिहिले होते, त्यांच्याकडे अशी दोन खाती होती, म्हणून त्यांनी "एका चालू खात्याचे" असे केले.

सही झालेले पत्र असे होते :

"जावक क्रमांक ___ / दिनांक १४ जुलै २०२५. विषय : इंटर्नशिप प्रमाणपत्र (२५ जून २०२४ च्या पत्राऐवजी).

कुमारी ______ (नाव गुणपत्रिकेप्रमाणे), त्या वेळी बीकॉम द्वितीय वर्षाची परीक्षा दिलेल्या विद्यार्थिनी, यांनी आमच्या कारखान्याच्या अकाउंट्स विभागात ६ मे २०२४ ते २८ जून २०२४ (दोन्ही दिवस धरून) इंटर्न म्हणून काम केले. या काळात त्या ४१ दिवस हजर होत्या. रोज ६ तासांप्रमाणे एकूण २४६ तास होतात. त्यांना दरमहा ४,००० रुपये विद्यावेतन दिले होते. त्या आमच्या पगारी कर्मचारी नव्हत्या.

वरिष्ठ अकाउंटंट यांच्या देखरेखीखाली त्यांनी खरेदी बिलांच्या टॅलीत नोंदी केल्या, एप्रिल आणि मे २०२४ च्या खरेदीची जीएसटीआर-२बी शी तुलना करून न जुळणाऱ्या बिलांच्या याद्या दिल्या, आणि एका चालू खात्याची याच दोन महिन्यांची बँक जुळवणीपत्रके तयार केली. हे काम वरिष्ठ अकाउंटंट यांनी तपासले होते. टीडीएस विवरण भरण्याची पद्धत त्यांनी समजून घेतली.

आमच्याकडे असताना त्यांची उपस्थिती नियमित होती. चार दिवसांची रजा त्यांनी आधी लेखी मागून घेतली. जाताना अपूर्ण कामाची लेखी टिपणे त्यांनी विभागाकडे दिली. त्यांच्याबद्दल कोणतीही तक्रार आमच्याकडे आलेली नाही. इंटर्नशिप ठरलेल्या तारखेला पूर्ण झाली. आमच्या शुभेच्छा.

आधीच्या पत्रातील हुद्दा, कालावधी व कामांचा उल्लेख अचूक नव्हता. ते पत्र रद्द समजावे."

खाली सही, नाव, "भागीदार" हे पद आणि ऑफिसचा फोन.

हे पत्र मुलीने कंपनीला पाठवले, सोबत स्वतःच्या चार ओळी : पहिल्या पत्राचा मजकूर मी नमुन्यावरून तयार केला होता, त्यातला हुद्दा चुकीचा होता, दुरुस्त पत्र जोडले आहे. बायोडाटातही तिने हुद्दा आणि तारखा बदलल्या, कारण तिथेही "दोन महिने" होतेच. हे पुष्कळ जण विसरतात. प्रमाणपत्र दुरुस्त होते, पण बायोडाटा, कंपनीच्या अर्जाचा फॉर्म आणि लिंक्डइनवर जुनेच राहते, आणि तफावत पुन्हा उभी राहते. संस्थेने दुसऱ्यांदा फोन केला तेव्हा काकांनी फाइलमधली प्रत समोर ठेवून उत्तर दिले. कंपनीने खुलासा स्वीकारला आणि रुजू होण्याची तारीख एका आठवड्याने पुढे ढकलली. सगळ्याच कंपन्या असे करतील याची खात्री देता येत नाही. काही ठिकाणी पहिली तफावत हीच शेवटची असते.

कारखाना बंद झाला असेल किंवा सही करणारा दुरुस्त पत्र द्यायला तयार नसेल, तर जुन्या पत्रावर विसंबून मोठे दावे करू नयेत. बायोडाटात नोंदींप्रमाणे खऱ्या तारखा आणि "इंटर्न" असेच लिहावे, आणि पत्रातला मजकूर वेगळा का आहे ते विचारण्याआधीच कळवावे. सोबत डायरी, विद्यावेतनाचा बँक उतारा, कॉलेजने दिलेले शिफारसपत्र, त्या काळातले ईमेल, जे असेल ते जोडावे. देखरेख करणारी व्यक्ती आता दुसरीकडे नोकरीला असली तरी तिचे नाव संदर्भ म्हणून देता येते, तिला आधी विचारून.